चेहऱ्यावर कागद ठेवून

प्रस्तावना

चित्रपटाच्या स्टिलखाली बहुधा तीनच गोष्टी छापलेल्या असतात: चित्रपट, साल आणि नट किंवा नटी. या पुस्तकातल्या वर्णनांत तिसरी गोष्ट मुद्दाम गाळली आहे. तिच्या जागी कपडा कसा बेतला आहे, कशाचा आहे आणि कोणत्या रंगाचा आहे, एवढेच लिहिले आहे. नाव का गाळले आणि ते गाळल्यावर नेमके काय पाहायचे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

पुस्तकाचा मुक्काम कर्जत-खालापुरात आहे. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली चौकजवळ एन. डी. स्टुडिओ उभारला. तालुका खालापूर, पण सिनेमावाल्यांच्या तोंडी तो कायम ‘कर्जतचा स्टुडिओ’च राहिला. आशुतोष गोवारीकरांच्या ‘जोधा अकबर’साठी (२००८) आग्र्याचा किल्ला इथे उभा राहिला, ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका इथेच चित्रित झाली. जामे, अंगरखे, लेहंगे, नऊवाऱ्या, शेले आणि पगड्या या निमित्ताने या भागात आल्या, अंगावर चढल्या, घामाने भिजल्या, उसवल्या आणि पुन्हा शिवल्या गेल्या. ऐतिहासिक चित्रपटाचा कपडा एका चित्रपटापुरता जगत नाही. तो कपडेपटात जातो, भाड्याने सुटतो, बाह्या आखूड होऊन दुसऱ्याच माणसाच्या अंगावर येतो. त्याची ओळख पहिल्या नटाच्या नावाला बांधून ठेवली, की दुसऱ्या फेरीत तो ओळखू येत नाही. कपडेपट सांभाळणाऱ्या ड्रेसदादाला विचारा. तो ‘अमक्याचा अंगरखा’ असे म्हणेल, पण शोधताना त्याचे बोट काठावर आणि बाहीच्या चुण्यांवर फिरत असते.

नाव किती कमी सांगते, याचे माझ्या मते सगळ्यांत बोलके उदाहरण ‘बालगंधर्व’ (२०११) हे आहे. देसाई यांनीच निर्मिलेला, रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. त्यातल्या नाट्यप्रवेशाच्या स्टिलखाली कोणाचे नाव लिहायचे? आजचा नट एक. त्याने रंगवलेले नारायण श्रीपाद राजहंस दुसरे. नारायणरावांनी रंगवलेली, म्हणजे ‘मानापमाना’तली भामिनी किंवा ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी, ही तिसरी. तिन्ही नावे खरी आहेत आणि तिन्ही लिहूनही लुगड्याविषयी एक अक्षर कळत नाही. वास्तविक तिथे लुगडेच मुख्य आहे. नारायणरावांची साडी, दागिने, केशरचना पाहून त्या काळच्या घराघरांतल्या बायका आपली वेशभूषा ठरवत, आणि रंगमंचावर भारी शालूच हवा या त्यांच्या हट्टापायी कंपनीवर कर्जाचा बोजा वाढला. या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी ‘जोधा अकबर’साठीही मिळाला होता. ज्या कामाचा एवढा सन्मान झाला, ते काम स्टिलखालच्या ओळीत कुठेच नसावे, हे मला पटत नाही.

आणखी एक कारण आहे, ते इथल्या माणसांचे. दरबाराचा किंवा लढाईचा स्टिल पाहा. पुढे एक ओळखीचा चेहरा, मागे भालदार, दासी, मावळे, भोई. मागच्या रांगेतल्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच येतात. नावावर चालणाऱ्या वर्णनात ही सगळी रांग ‘इतर’ होऊन जाते. कपड्यावर चालणाऱ्या वर्णनात मात्र पुढच्या राजाला आणि मागच्या भोयाला सारखीच जागा मिळते, कारण शिवण दोघांच्याही कपड्याला असते.

आता पद्धत. चेहऱ्यावर कागदाची पट्टी ठेवायची. हे पोरकट वाटेल, पण ओळखीचा चेहरा दिसत असेल तर डोळा कपड्यावर टिकत नाही आणि हातून ‘राजबिंडा’, ‘शालीन’, ‘रुबाबदार’ असले शब्द उतरतात. ते माणसाचे गुण आहेत, कापडाचे नव्हेत. पट्टी ठेवली की आधी कट पाहायचा, मग कापड, आणि रंग सगळ्यांत शेवटी. रंग पहिल्यांदा डोळ्यांत भरतो, म्हणूनच तो शेवटी. फोटोत सगळ्यांत जास्त फसवणारा तोच आहे.

एक उदाहरण सबंध घेऊ. पेशवेकाळ दाखवणारा एक रंगीत स्टिल. वाड्याची ओसरी, मागे चुन्याची भिंत, डाव्या बाजूने उजेड. एक स्त्री पाटावर बसली आहे, एक गुडघा उभा, दुसरा पाय मुडपलेला. अंगावर नऊवारी, काठ सोनेरी, चोळी हिरवी. नेहमीच्या भाषेत हे ‘अमुक अभिनेत्रीची पारंपरिक पैठणी’ झाले असते. यातला ‘पारंपरिक’ खरा आहे का, आणि ‘पैठणी’ तरी खरी आहे का, हे तपासायचे आहे.

नऊवारी नेसलेली आहे की शिवलेली, हा पहिला प्रश्न. मालिकांत आणि नाचांत आता शिवलेली नऊवारी सर्रास वापरतात. पायजम्यासारखी चढवायची, पदर खांद्यावर टाकायचा, दोन मिनिटांत कलाकार तयार. उभ्या माणसाच्या फोटोत दोन्हींतला फरक चटकन कळत नाही. बसल्यावर कळतो. नेसलेल्या लुगड्याचा ओचा बसताना सैलावतो, निऱ्या कमी-जास्त उघडतात, एखादी दुमडते. कासोटा मागे ओढलेला असल्याने पोटरीवरचा काठ तिरपा चढत जातो आणि दोन्ही पायांवर तो कधीच सारखा दिसत नाही. आपल्या स्टिलमध्ये गुडघा उभा असूनही निऱ्यांची रुंदी वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे, कडा इस्त्रीने धरल्यासारख्या. उभ्या पायावर काठ घोट्याभोवती आडवा, विजारीच्या मोहरीसारखा फिरलेला आहे आणि आतल्या बाजूला शिवणीची उभी रेघ स्पष्ट आहे. ही नऊवारी शिवलेली आहे. वर्णनात निष्कर्षाबरोबर पुरावाही लिहायचा: निऱ्या, मोहरी, शिवण. उद्या कोणाला शंका आली तर त्याने त्याच तीन जागा पाहाव्यात.

मग चोळी. बाही कोपरापर्यंत, बाहीच्या टोकाला काठ. पुढे गाठ नाही, बटणेही नाहीत. छातीखालून वर जाणारा टक दिसतो. जुन्या गाठीच्या चोळीत टक नसत, आकार वेगवेगळे तुकडे जोडून साधत आणि पुढची दोन टोके छातीखाली गाठ मारून बांधत. म्हणजे हे आजच्या ब्लाउजचे बेतणे आहे, बाहेरून चोळीचे रूप दिलेले. ते मागे उघडते की पदराखाली बगलेत, हे या स्टिलमधून दिसत नाही. जे दिसत नाही तिथे तसे लिहायचे, ‘मागे हुक असावेत’ असे भरून टाकायचे नाही.

आता कापड. हात लावता येत नसला तरी कापड स्वतःविषयी बरेच बोलते, आणि ते घड्यांतून बोलते. कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागे सुती कापड बारीक, मोडक्या सुरकुत्यांनी भरते. रेशमाची घडी कडक उठते, पण तिच्यावरचा उजेड कडेला हळूहळू विरतो. सिंथेटिक सॅटिनची घडी रुंद आणि गोल पडते, तिच्यावर उजेडाचा पट्टा एकाच जाडीने लांबवर धावतो आणि सुरकुती जवळजवळ पडतच नाही. आपल्या स्टिलमध्ये मांडीवर नेमका असा पट्टा आहे आणि मुडपलेल्या गुडघ्यामागे सुरकुती नाही. अस्सल रेशीम असण्याची शक्यता इथेच कमी होते.

राहिली पैठणी. इथे एक जागा नशिबाने मिळाली आहे. खांद्यावरून पदर उलटला आहे आणि त्याची मागची बाजू वीतभर दिसते. हातमागाच्या पैठणीत नक्षीच्या प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या त्याच्या जागी आडवा गुंतवत नेतात, म्हणून पदराची उलटी बाजू सुलट बाजूसारखीच भरीव दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत एकच धागा काठापासून काठापर्यंत धावतो आणि नक्षी नसेल तिथे मागे लोंबकळत राहतो. आपल्या पदराच्या मागे असे सुटे धागे रेघारेघांनी दिसतात. जरही ठिपक्याठिपक्यांनी चमकते आहे. चांगली जर चमकण्यापेक्षा तेवते, तिचा उजेड सगळ्या काठावर पसरतो. तेव्हा ‘पैठणी’ हा शब्द जातो आणि ‘पैठणीच्या घाटाचा यंत्रमागाचा काठ-पदर’ हे शब्द येतात.

काठाविषयी एक सूचना इथेच करतो, कारण अंगरख्याच्या वर्णनात ती नेहमी लागते. विणलेला काठ फक्त सरळ जातो. अंगरख्याचा किंवा जाम्याचा घेर कळ्या जोडून केलेला असतो, त्याची खालची कड वळते. वळत्या कडेवर काठ दिसला तर तो वेगळा लावलेलाच असणार, आणि नीट पाहिले तर वळणावर बारीक चुण्या किंवा कोपऱ्यावर तिरपा जोड सापडतो. पावसाळी चित्रीकरणात आणखी एक फसगत होते. चौक-कर्जतकडे पाऊस मातबर, घेर चार बोटे भिजतो आणि फोटोत ती ओल गडद रंगाच्या काठासारखी दिसते. काठाची वरची कड सरळ असते. ओलीची कड वरखाली होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांच्या कपड्यांना ती असते.

रंग. आपल्या स्टिलमधली साडी पहिल्या नजरेला डाळिंबी वाटते. घड्यांच्या माथ्यावर डाळिंबी, खळग्यात वांगी. मग ती धूपछाव आहे का? धूपछाव कापडात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कापड वळले की रंगच बदलतो, लालाचा निळा किंवा हिरवा होतो. इथे रंग बदलत नाही, फक्त काळवंडतो. ती सावली आहे. त्यानंतर उजेड तपासायचा. मागची चुन्याची भिंत पांढरी असायला हवी, ती पिवळसर आली आहे. म्हणजे दिव्याचा उजेड पिवळा आहे आणि त्याने सगळ्याच रंगांत ऊब मिसळली आहे. प्रत्यक्ष कापड फोटोत दिसते त्याहून थोडे जांभळटाकडे झुकणारे असणार. म्हणून रंग दोन ठिकाणचा लिहायचा, उजेडातला आणि सावलीतला, आणि शेजारी भिंतीचा पांढरा कसा आला आहे ते नोंदवायचे. रंगाला मराठीत तयार नावे भरपूर आहेत. अंजिरी, मोतिया, चिंतामणी, शेवाळी, अबोली, विटकरी, मोरपंखी. ती वापरावीत, कारण ‘लाल’ आणि ‘हिरवा’ एवढ्यावर भागवले तर दरबारातले निम्मे कपडे एकाच ओळीत जाऊन बसतात.

एवढे पाहिल्यावर वर्णन असे झाले: ‘शिवलेली नऊवारी, पदर डाव्या खांद्यावरून. निऱ्या समान रुंदीच्या, घोट्याशी मोहरीसारखा बंद घेर, आत शिवण. कापड चमकदार, गोल घडीचे, बहुधा सिंथेटिक. उजेडात डाळिंबी, सावलीत वांगी. मागची भिंत पिवळसर. काठ-पदर सोनेरी, पैठणीच्या घाटाचा, यंत्रमागाचा. पदराच्या उलट बाजूला सुटे धागे. चोळी पोपटी, कोपरापर्यंत बाही, बाहीला काठ, छातीला टक, पुढे गाठ किंवा बटण नाही. मागची बाजू दिसत नाही.’ हे वाचून कपडेपटातून तीच साडी काढता येईल, आणि तिच्यासारखी दुसरी बेतताही येईल. वेशभूषाकाराने शिवलेली साडी किंवा यंत्रमागाचा काठ वापरला यात कमीपणा मुळीच नाही. दिवसाला अनेक प्रसंग चित्रित करणाऱ्या मालिकेला तेच परवडते आणि शोभते. आपण लिहिताना तिला पैठणी म्हटले, तर चूक आपली होते.

एक धोका असा आहे की तो पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. छापताना फोटो उलटा होतो, डावे उजवे होते. पोस्टरच्या मांडणीसाठी तर तो मुद्दामही फिरवतात. चेहऱ्यावरून हे सहसा कळत नाही, कपड्यावरून कळते, आणि जाम्याच्या बाबतीत त्यामुळे अर्थच पालटतो. मुघल काळात जाम्याचे बंद मुसलमान उजव्या काखेखाली बांधत आणि हिंदू डाव्या, अशी रीत होती. फोटो उलटा असेल तर रजपूत सरदाराचा जामा मुघलाचा ठरतो. म्हणून बंदाची बाजू लिहिण्याआधी दुसरे पुरावे पाहायचे. उजव्या हाताच्या माणसाची तलवार डाव्या कमरेला लटकते. मराठी स्त्रीची नथ डाव्या नाकपुडीत असते, पदर बहुतेक डाव्या खांद्यावर. हे सगळे एकदम उजवीकडे गेले असेल तर फोटो उलटा आहे. एकटा बंद उजवीकडे असेल, तर तो तसाच शिवला आहे असे धरावे.

मागच्या रांगेकडे पुन्हा वळतो, कारण तिथे इथल्या वाचकाची मदत लागणार आहे. लुगडे कुठपर्यंत उतरते, हे पाहणे फार महत्त्वाचे. ब्राह्मणी नेसण घोट्यापर्यंत येते. आगरी-कोळी बायकांचे लुगडे गुडघ्याशी थांबते, ठाकर आणि कातकरी बायकांचेही वर आवळून खोचलेले असते, कारण चिखलात, शेतात आणि डोंगरात तसेच चालता येते. मालिकेतल्या बाजाराच्या दृश्यात सगळ्या बायकांची नेसण घोट्यापर्यंत एकसारखी दिसली, तर कपडे एकाच गठ्ठ्यातून वाटले आहेत असे समजावे. त्यात एखादीचे लुगडे गुडघ्याशी, घट्ट खोचलेले दिसले, तर ती बाई आपल्या हाताने नेसली आहे, कदाचित आपल्या घरचेच. इतिहास म्हणून ती नोंद पुढच्या राणीच्या शालूपेक्षा मोलाची आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

जुन्या स्टिलांविषयी दोन शब्द. मूकपटाच्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग पाहतच नसे. तिच्यावर लाल जवळजवळ काळा उमटतो आणि निळा पांढऱ्याकडे जातो. त्या काळ्या-पांढऱ्या फोटोत रंगाचा अंदाज करू नये. ‘गडद’ आणि ‘फिका’ एवढेच लिहावे. पुढच्या काळातल्या पुष्कळ रंगीत प्रिंटांमधला निळसर रंग आधी उडतो आणि सगळा फोटो गुलाबी-तांबूस होतो. त्यात हिरवी साडी तपकिरी दिसते. हाताने रंगवलेल्या लॉबीकार्डावरचा रंग तर चित्रकाराने निवडलेला असतो, त्यावरून कपड्याविषयी काहीच म्हणता येत नाही.

या पद्धतीची मोठी मर्यादाही इथेच सांगायला हवी. स्टिल म्हणजे चित्रपटातली चौकट नव्हे. तो वेगळ्या कॅमेऱ्याने, कित्येकदा दृश्य संपल्यावर, खास उभे करून काढलेला असतो. शेला नीट बसवलेला, चुरगळ सरळ केलेली, कधी चित्रपटात नसलेला दागिनाही घातलेला. म्हणून आपण वर्णन करतो ते स्टिलमधल्या कपड्याचे. चित्रपटात तोच आहे की नाही, हे दृश्य लावून पाहिल्याशिवाय लिहू नये. नटाचे नावही टाकून दिलेले नाही. ते नोंदवहीच्या दुसऱ्या रकान्यात आहे, वर्णन पूर्ण झाल्यावर भरायचे. आधी भरले की वर्णन त्याच्याकडे झुकते.

कर्जत, नेरळ, चौक, खोपोली, खालापूर इथल्या घरांत चित्रीकरणाचे फोटो असतील. कोणी मावळा झाले असेल, कोणी दासी, कोणी घोडे धरले असतील, कोणी रात्री बसून उसवलेले बंद शिवले असतील. त्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, एवढे लिहून ठेवा: अंगावर काय होते, कापड अंगाला कसे लागत होते, प्रत्यक्षात रंग कोणता होता, बंद कुठल्या बाजूला होते आणि कपडे घरचे होते की दिलेले. बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. शेजारी कोण मोठा नट उभा होता, हे पुढेही शोधता येईल. कापड हाताला कसे लागत होते, हे मात्र तुम्हीच सांगू शकता.